चाळीस बाइटांचा लिफाफा

कॉम्प्युटर शिकलेल्या कुणालाही विचारा, सात थरांचे ते चित्र तो डोळे मिटून काढून दाखवील. डावीकडे सात चौकटींची एक उतरंड, उजवीकडे तशीच दुसरी. डाव्या उतरंडीत मजकूर वरून खाली येतो, प्रत्येक थर त्याच्यापुढे आपले एक हेडर लावतो, तळाला पोचेपर्यंत छोट्याशा मजकुराचे लांबलचक पुडके झालेले असते. तारेवरून ते पलीकडे जाते आणि उजव्या उतरंडीत वर चढताना एकेक हेडर उतरवले जाते. सर्वांत वर पोचतो तो मूळ मजकूर, जसाच्या तसा.

हे चित्र परीक्षेत हमखास येते. त्याच्यासोबत एक गोष्ट मात्र शिकवली जात नाही आणि ती शिकवायला हवी असे मला मनापासून वाटते. सात थरांची ती उतरंड ज्या व्यवस्थेची आहे, त्या व्यवस्थेने आपली पत्रे फारशी वाहिलीच नाहीत. ती वाहिली कमी थरांच्या एका दुसऱ्या उतरंडीने. आणि आपल्या देशात काही वर्षे अशी होती, की या दोन्ही उतरंडींची पुडकी एकाच तारेवरून, एकमेकांच्या मागेपुढे धावत होती. त्या तारेचे एक टोक बंगळुरूत होते, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. बंगळुरूचे लोक आजही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात.

त्या जाळ्याचे नाव अर्नेट. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे हे जाळे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन १९८६ मध्ये हाती घेतले. सुरुवातीला आठ ठिकाणे होती : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्वतः. पहिली ई-पत्रे मुंबईतल्या मुंबईतच गेली, जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये, साध्या टेलिफोनवरून मोडेमने नंबर फिरवून. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी या कामामागे उभे होते. पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. बंगळुरूच्या बाजूने विज्ञान संस्थेतल्या या प्रकल्पाचे समन्वयक होते प्रा. अनुराग कुमार, १९८८ पासून २००३ पर्यंत.

टेलिफोनवरची ती पद्धत यूयूसीपी नावाची होती. तिच्यात संपूर्ण पत्र एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचे, तिथे साठवले जायचे आणि पुढचा फोन लागला की पुढे निघायचे. पत्र पोचायचे, पण दोन टोकांमध्ये सलग संवाद कधीच नसायचा. बंगळुरूत बसून मुंबईच्या मशीनवर काम करायचे, तर ते या पद्धतीने शक्य नव्हते. त्यासाठी कायम चालू असलेली तार हवी आणि त्या तारेवर छोटी छोटी पॅकेटे पाठवण्याची रीत हवी.

अशी पहिली भाड्याची तार, म्हणजे लीज्ड लाइन, जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये आली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. १९९२ पर्यंत सर्व आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, दिल्लीचा विभाग आणि मुंबईचे एनसीएसटी अशाच तारांनी जोडले गेले. त्याच वर्षी एनसीएसटीहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, यूयूनेट या कंपनीकडे जाणारी ६४ केबीपीएसची तार सुरू झाली. म्हणजे बंगळुरूच्या प्राध्यापकाचे परदेशात जाणारे पत्र आधी जुहूला यायचे आणि तिथून समुद्रापार जायचे. सामान्य माणसासाठी इंटरनेट विकायला व्हीएसएनएलने सुरुवात केली ती १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर तारेवरचे सगळे शिकून झाले होते ते या मोजक्या आवारांमध्ये.

आता आपण असे धरू, की १९९२ मध्ये विज्ञान संस्थेतून एक पत्र मुंबईला निघाले आहे. पत्र दोन हजार अक्षरांचे, इंग्रजीतले, म्हणजे दोन हजार बाइट. चित्रातला तो हेडरांचा खेळ या पत्रावर प्रत्यक्षात कसा चालतो, ते पाहू.

सर्वांत वर टपालाचा प्रोग्रॅम असतो. तो पलीकडच्या मशीनशी आधी चार शब्द बोलतो : मी कोण, पत्र कुणाकडून, कुणासाठी, आणि आता मजकूर घ्या. पत्रात वर लिहिलेला ‘प्रति’ हा पत्ता वेगळा आणि या बोलण्यात सांगितलेला पत्ता वेगळा. टपाल पोचवताना मशीन पाहते ते बोलण्यातला पत्ता. आपण कागदावर ‘ती. बाबांस’ असे लिहितो, पण पोस्टमन वाचतो ते पाकिटावरचे. तसेच हे.

त्याच्याखाली टीसीपी. तो दोन हजार बाइटांचे तुकडे करतो. दूरच्या ठिकाणी पाठवताना एका तुकड्यात ५३६ बाइट घेण्याचा त्या काळचा रिवाज होता. त्या हिशेबाने ५३६ चे तीन तुकडे आणि उरलेल्या ३९२ बाइटांचा चौथा. प्रत्येक तुकड्यापुढे वीस बाइटांचे हेडर लागते. त्यात कोणत्या दारातून निघाले आणि कोणत्या दारात जायचे (टपालाचे दार २५ क्रमांकाचे), हा तुकडा कितव्या बाइटापासून सुरू होतो, आणि पलीकडून आपल्याला कुठपर्यंत मिळाले आहे, हे लिहिलेले असते. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर तो पुन्हा पाठवण्याची जबाबदारी याच थराची.

त्याच्याखाली आयपी. तो आणखी वीस बाइट लावतो. अर्नेटला १९९० मध्ये `144.16.0.0` हा पत्त्यांचा मोठा गट मिळाला होता, म्हणून आपल्या पत्राच्या दोन्ही टोकांचे पत्ते `144.16` ने सुरू होतील. शेवटचे दोन आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतो. पहिल्या तुकड्याचे आयपी हेडर तारेवर असे दिसेल :

```
45 00 02 40 00 2a 00 00 1e 06 77 50
90 10 01 0a 90 10 02 14
```

हे वाचायला अवघड नाही. `45` मधला चार म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती. `02 40` म्हणजे ५७६, अर्थात ५३६ बाइट मजकूर आणि दोन हेडरांचे चाळीस. `06` चा अर्थ : माझ्या पोटात जे आहे ते टीसीपीचे आहे, त्याच्याकडे द्या. `90 10` म्हणजे आपले ते `144.16`. आणि `1e`, म्हणजे तीस, हे या पॅकेटाचे आयुष्य. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झाले की पॅकेट टाकून देतो. वाट चुकलेले पॅकेट अनंतकाळ गोल गोल फिरत राहू नये, म्हणून ही सोय. `77 50` ही या वीस बाइटांची बेरीज-पडताळणी.

त्याच्याखाली इथरनेट. विज्ञान संस्थेच्या आवारातल्या जाळ्यावर पॅकेट टाकायचे, तर पुढे चौदा बाइट लागतात : कुणाच्या कार्डाला, कुणाच्या कार्डाकडून, आणि आत काय आहे. शेवटी चार बाइट तपासणीचे. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण चित्रात ती दिसत नाही. इथरनेटच्या हेडरवर मुंबईचा पत्ता नसतो. तिथे पत्ता असतो आवारातल्याच राउटरचा. मुंबई त्याच्या आतल्या हेडरवर आहे. रेल्वे मेल सर्व्हिसची थैली आठवून पाहा. पत्रावर पत्ता दादरच्या एखाद्या चाळीचा असतो, थैलीच्या लेबलावर मात्र फक्त पुढचे सॉर्टिंग ऑफिस. थैली त्या ऑफिसात फोडली जाते, पत्र बाहेर निघते आणि दुसऱ्या थैलीत पडते.

राउटर अगदी हेच करतो. इथरनेटची चौकट काढून फेकतो, आयपीचे हेडर वाचतो, आयुष्यातला एक कमी करतो आणि पडताळणी नव्याने मांडतो. आपले हेडर आता असे दिसते :

```
45 00 02 40 00 2a 00 00 1d 06 78 50
90 10 01 0a 90 10 02 14
```

`1e` चे `1d` झाले आणि `77` चे `78`. बाकी एकही बाइट हलला नाही. मग राउटर या पॅकेटाला भाड्याच्या तारेसाठी नवी चौकट चढवतो. अशा तारेवर इथरनेट नसते. तिथे एचडीएलसी घराण्यातली चौकट असते, तिची सुरुवात आणि शेवट `7e` या खुणेने होतो. ही खूण चुकून मजकुरात आली, तर पलीकडच्याला चौकट संपली असे वाटेल. म्हणून पाठवणारा लागोपाठ पाच एके दिसले की पुढे एक शून्य घुसवतो आणि घेणारा ते शून्य काढून टाकतो. टीसीपीला याचा पत्ताही नसतो, आयपीलाही नाही.

म्हणून पाठ्यपुस्तकातले चित्र बरोबर असूनही अपुरे आहे. त्यात दोन उतरंडी दिसतात. प्रत्यक्षात वाटेत अनेक अर्ध्या उतरंडी असतात. तिथे पॅकेट आयपीच्या थरापर्यंत वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. टीसीपीपर्यंत पोचते ते फक्त मुंबईच्या शेवटच्या मशीनमध्ये.

आता वेळेचा हिशेब. एक पॅकेट ५७६ बाइटांचे, म्हणजे ४,६०८ बिट. ९,६०० च्या तारेवर ते चढायलाच जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. चारही तुकडे मिळून दोन हजार बाइट मजकूर आणि १६० बाइट हेडर. एकूण वेळ १.८ सेकंद, तारेच्या चौकटी वेगळ्या. हेडरांचा भार साडेसात टक्क्यांच्या आसपास. पत्रासाठी हे काहीच नाही.

पण बंगळुरूत बसून कुणी दूरच्या मशीनवर लॉगिन करून काम करू लागला की चित्र पालटते. तो एक कळ दाबतो. एक अक्षर, एक बाइट. त्याला वीस टीसीपीचे आणि वीस आयपीचे. एका बाइटासाठी चाळीस बाइटांचा लिफाफा. पलीकडचे मशीन ते अक्षर परत पाठवते, तेव्हाच ते पडद्यावर उमटते, आणि परतीच्या वाटेवरही तेच ४१ बाइट. एका दिशेला ३४ मिलिसेकंद केवळ तारेवर चढायला. पुढे कुणाचे ५७६ बाइटांचे पॅकेट रांगेत असेल, तर त्याच्यामागे अर्धा सेकंद थांबणे आलेच.

यावर उपाय काढला अमेरिकेतल्या व्हॅन जेकबसनने, फेब्रुवारी १९९० मध्ये. त्याने पाहिले, की एकाच संभाषणातल्या लागोपाठच्या दोन पॅकेटांची हेडरे जवळजवळ सारखीच असतात. पत्ते तेच, दारे तीच, मोजणीचे आकडे थोडे पुढे सरकलेले. मग तारेच्या दोन्ही टोकांनी मागचे हेडर लक्षात ठेवावे आणि फक्त फरक पाठवावा. चाळीस बाइटांचे काम बहुतेक वेळा तीन-चार बाइटांत होऊ लागले. मला ही युक्ती फार महत्त्वाची वाटते, कारण ती चित्राचा नियम उघडपणे मोडते. तळाच्या थराने वरच्या दोन थरांच्या लिफाफ्यांत डोकावून पाहिल्याशिवाय ती चालतच नाही. थर पाळण्यासाठी असतात, पण तार मंद असली की कुठे मोडायचे हेही कळावे लागते.

आता त्या दुसऱ्या उतरंडीकडे वळू.

सात थरांची रचना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत १९७० च्या दशकाच्या शेवटी आकाराला येऊ लागली. अमेरिकेचे चार्ल्स बाकमन त्या समितीचे अध्यक्ष होते आणि फ्रान्सच्या ह्यूबर्ट झिमरमन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या लेखाने ती जगभर पोचली. १९८४ मध्ये तिचे मानक झाले. तिचे नाव ओएसआय. टीसीपी आणि आयपी हे अमेरिकी लष्कराच्या पैशातून जन्मलेले. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट हे जाळे पूर्णपणे त्यांच्यावर आले होते. पण अनेक सरकारांना वाटत होते, की ही तात्पुरती सोय आहे, उद्याचे जग ओएसआयचे. खुद्द अमेरिकी सरकारनेच आपल्या खात्यांसाठी ऑगस्ट १९९० पासून ओएसआय बंधनकारक केले होते. अशा काळात अर्नेटने एकाच घोड्यावर पैसे लावले नाहीत. भाड्याच्या तारांवर दोन्ही उतरंडी चालवल्या. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. नव्याने जाळे उभारणाऱ्या देशाला दोन्ही हातांनी शिकणे परवडते. चुकीच्या घोड्यामागे सगळे घालवणे परवडत नाही.

एकाच तारेवर दोन संसार चालतात कसे? त्याचे उत्तर हेडरातल्या एका छोट्या जागेत आहे. प्रत्येक थराच्या हेडरात ‘माझ्या पोटात कोण आहे’ हे सांगणारा आकडा असतो. इथरनेटवर चौकटीतले तेरावे आणि चौदावे बाइट पाहायचे. तिथे `08 00` असेल तर आत आयपी आहे. हा आकडा दशमानात २,०४८ होतो. ओएसआयची पॅकेटे त्याच जागी प्रकार न लिहिता लांबी लिहितात, आणि इथरनेटच्या चौकटीत मजकूर १,५०० बाइटांहून मोठा असू शकत नाही. म्हणून कार्डाला शंका उरत नाही : आकडा १,५०० पर्यंत असेल तर ती लांबी, १,५३६ किंवा त्याहून मोठा असेल तर तो प्रकार. लांबी असेल, तर पुढचे तीन बाइट पाहायचे. तिथे `fe fe 03` दिसले की आत ओएसआयचे पुडके. त्याच्या पहिल्या बाइटात `81` असले, तर ते आयपीच्या जागी काम करणारे सीएलएनपी. आयपीचे पहिले बाइट बहुधा `45`. एवढ्या खुणांवर राउटर दोन वाटा वेगळ्या करतो. तारेला, मोडेमला, खड्डे खणून ती तार टाकणाऱ्या टेलिफोन खात्याला या दोन कुटुंबांची ओळख असण्याचे कारणच नव्हते.

दोघांत फरक काय पडतो, हेही मोजता येते. आयपीचा पत्ता चार बाइटांचा. ओएसआयचा पत्ता वीस बाइटांपर्यंत जाऊ शकतो आणि पॅकेटावर दोन पत्ते लागतात. पूर्ण लांबीचे पत्ते धरले, तर सीएलएनपीचे हेडर ५७ बाइटांचे होते : नऊ बाइट ठरलेले, बेचाळीस पत्त्यांचे आणि त्यांच्या लांबीचे, आणि सहा बाइट तुकडे जोडण्यासाठी. ९,६०० च्या तारेवर आयपीच्या हेडराला १७ मिलिसेकंद लागतात, याला ४७. त्यावर वाहतुकीचा थर, मग सत्राचा, मग मांडणीचा, मग टपालाचा. प्रत्येकाचे आपले हेडर. मोठ्या पत्त्यामुळे जगातले प्रत्येक यंत्र सामावून घेता आले असते, हा ओएसआयचा खरा गुण होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आयपीचे पत्ते पुढे खरोखरच संपले.

तो गुण ओळखून १९९२ च्या जूनमध्ये, जपानमधल्या कोबे येथे इंटरनेटच्या ज्येष्ठ मंडळाने सुचवले, की पुढच्या आयपीसाठी सीएलएनपीचाच आधार घ्यावा. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या केंब्रिजला भरलेल्या बैठकीत अभियंत्यांनी ते उधळून लावले. त्यांचे म्हणणे सरळ होते : चालणारा प्रोग्रॅम आधी दाखवा, कागद मागून. बंगळुरूची तार जोडली गेली ती याच सुमारास.

अर्नेटवरचा निकाल कुठल्या बैठकीत लागला नाही. तो तारेवर लागला. विद्यापीठांकडे येणाऱ्या युनिक्स मशीनांमध्ये टीसीपी आणि आयपी आतच असायचे, वेगळे विकत घ्यावे लागत नसत. ज्यांच्याशी बोलायचे होते ती जगातली विद्यापीठेही त्याच भाषेत बोलत होती. १९९५ पासून अर्नेटची जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. त्यासाठी एकही तार उकरावी लागली नाही. थरांच्या रचनेचा यापेक्षा चोख पुरावा मला माहीत नाही : मधली दोन-तीन मडकी काढली, दुसरी ठेवली आणि उतरंड उभीच राहिली.

मात्र थर एकमेकांपासून जे लपवतात, त्याची किंमतही द्यावी लागते, आणि तिचा शोध बंगळुरूतच घेतला गेला. पुढे अर्नेटने तारांच्या जोडीला उपग्रहाचे जाळे घेतले. त्याचे मुख्य केंद्र बंगळुरूच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमध्ये होते. छपरावरच्या छोट्या डिशमधून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली. एका फेरीला पाव सेकंद, उत्तर येईपर्यंत अर्धा. हवेतून जाणाऱ्या मार्गावर, उपग्रहाच्या किंवा बिनतारी जाळ्याच्या, पॅकेट गोंगाटामुळेही बिघडू शकते. टीसीपीला ते कळायला मार्ग नाही. तो फक्त एवढेच पाहतो, की पावती आली नाही. पावती नाही म्हणजे वाटेत गर्दी आहे, असे तो धरून चालतो आणि वेग कमी करतो. गर्दीच्या वेळी हे योग्य. गोंगाटाच्या वेळी नेमके चूक, कारण तिथे थांबण्यापेक्षा लगेच पुन्हा पाठवणे बरे.

अनुराग कुमार यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हाच प्रश्न गणिताने सोडवला. त्यांनी घेतला होता तो छोट्या जाळ्यातला बिनतारी दुवा, पण अडचण आपल्या चार तुकड्यांच्या पत्रातही दाखवता येते. हरवलेला तुकडा चटकन ओळखण्यासाठी टीसीपीची एक खूण असते. घेणारा ‘मला अजून अमुक तुकडा हवा आहे’ असे तेच ते उत्तर पुन्हा तीनदा पाठवतो. तीनदा आले, की पाठवणारा घड्याळाची वाट न पाहता तो तुकडा पुन्हा सोडतो. आता आपल्या पत्राचा दुसरा तुकडा गोंगाटात गेला असे समजा. तिसरा पोचला, घेणारा म्हणाला दुसरा हवा. चौथा पोचला, घेणारा पुन्हा म्हणाला दुसरा हवा. पाचवा तुकडा नाहीच. तिसरी मागणी येणारच नाही. आता पाठवणाऱ्याच्या हाती उरते घड्याळ, आणि त्या काळच्या युनिक्समध्ये ते घड्याळ अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांनी चालायचे. १.८ सेकंदांचे पत्र असे अडकून पडते आणि कुणालाही तार तुटलेली दिसत नाही. तार जवळजवळ रिकामी, तरी वेग पडलेला आणि मधून मधून काही क्षणांची शांतता, हे या रोगाचे लक्षण.

कुमार यांच्या हिशेबात दिसले, की छोट्या जाळ्यात खरा मुद्दा हा, की नुकसानीनंतर ते ढोबळ घड्याळ वाजेपर्यंत थांबण्याची पाळीच येऊ नये. तीन मागण्यांची अट कमी केली तर काय होते, हेही त्यांनी तपासले. तोवर सुधारित मानली गेलेली रेनो ही टीसीपीची आवृत्ती नुकसान फार झाले, तर जुन्या ताहोपेक्षा सरस ठरत नाही, कधी तर मागेच पडते, असे त्यांनी दाखवले. बंगळुरूच्या एका विभागात जाळे चालवणारी आणि त्या जाळ्याच्या नियमांचे गणित मांडणारी माणसे एकच होती, हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते.

ओएसआयची उतरंड गेली, पण तिचे एक मडके शाबूत आहे. मोठ्या इंटरनेट कंपन्यांचे राउटर आपापल्या जाळ्याच्या आत वाटा ठरवण्यासाठी आयएस-आयएस नावाची रीत अजून वापरतात. ती ओएसआयच्या घरातली आहे आणि आयपीच्या लिफाफ्यात बसत नाही. तिची पॅकेटे इथरनेटवर आजही `fe fe 03` नेच सुरू होतात.

नेटवर्किंग शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सात चौकटी फळ्यावर काढा, पण त्याच तासाला एखाद्या लिनक्स मशीनवर हेही चालवा आणि मुलांना ब्राउझरमध्ये एक पान उघडायला सांगा :

```
sudo tcpdump -XX -c 4 'ip and tcp'
```

पडद्यावर आकडे येतील. तेराव्या-चौदाव्या जागी `08 00` शोधा. त्याच्या लगेच पुढे `45`. त्या `45` पासून मोजत नवव्या जागी पॅकेटाचे आयुष्य आहे. आपल्या मशीनमधून निघालेल्या पॅकेटात ते बहुधा `40` असेल, म्हणजे चौसष्ट. बाहेरून आलेल्या पॅकेटात ते बहुधा वेगळे असेल. पलीकडच्यानेही चौसष्टपासूनच सुरुवात केली असेल, तर जितके कमी भरले तितके राउटर वाटेत लागले.